दर महिन्याला तीन बाक पुढे

फिरती बैठकव्यवस्था म्हणजे वर्गातल्या प्रत्येक मुलाची जागा ठरलेल्या नियमाने, ठरलेल्या दिवशी बदलणे. एरवी जागा ठरतात त्या उंचीप्रमाणे, हजेरीपटाच्या क्रमाने किंवा जूनमध्ये जो आधी येईल त्याने बाक धरायचा या रिवाजाने. या सगळ्या पद्धतींत जूनमध्ये मिळालेली जागा सहसा एप्रिलपर्यंत हलत नाही. सातव्या-आठव्या बाकावर बसलेले मूल वर्षभर तिथूनच फळा वाचते. जागा फिरती ठेवली की पुढचे बाक सगळ्यांच्या वाट्याला येतात. मात्र ते किती वेळा आणि किती काळाने येतात, हे सर्वस्वी नियमावर अवलंबून असते. नियम कच्चा असेल तर जागा दर महिन्याला बदलूनही एखादे मूल पाच-पाच महिने मागेच राहते.

म्हणून वर्गशिक्षकाने मुलांना दिलेल्या सूचनेत नुसते ‘जागा बदलतील’ एवढे असून भागत नाही. कोण कुठून कुठे जाणार हे प्रत्येक मुलाला स्वतःचे स्वतः काढता आले पाहिजे. ४८ पटाचा नववीचा वर्ग उदाहरणादाखल घेता येईल. तीन रांगा, प्रत्येक रांगेत एकामागे एक आठ बाक आणि प्रत्येक बाकावर दोघे, अशी त्याची मांडणी आहे. अशा वर्गासाठीची सूचना पुढीलप्रमाणे लिहिता येते.

“नववी ‘अ’च्या विद्यार्थ्यांनो, जुलैपासून आपल्या वर्गातल्या जागा दर महिन्याला बदलतील. वर्गात तीन रांगा आहेत: खिडकीची, मधली आणि दाराची. फळ्याजवळचा बाक पहिला, भिंतीजवळचा आठवा. नियम दोनच आहेत. चौथ्या ते आठव्या बाकावर असाल, तर आपल्याच रांगेत तीन बाक पुढे या. पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाकावर असाल, तर पाच बाक मागे जा आणि जाताना शेजारची रांग धरा. खिडकीच्या रांगेतले मधल्या रांगेत, मधल्या रांगेतले दाराच्या रांगेत आणि दाराच्या रांगेतले खिडकीच्या रांगेत जातील. बदल महिन्याच्या पहिल्या शाळेच्या दिवशी, हजेरी झाल्यावर होईल. बाक जागचे हलवायचे नाहीत, दप्तर घेऊन आपण हलायचे. पहिल्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरतील. मागे जाणे ही शिक्षा नाही आणि पुढे येणे हे बक्षीस नाही. मागच्या बाकावरून फळा दिसत नसेल किंवा नीट ऐकू येत नसेल, तर महिना संपण्याची वाट पाहू नका. मधल्या सुट्टीत येऊन मला एकट्याला सांगा, तुमची जागा त्याच दिवशी बदलेल.”

या सूचनेतला ‘तीन बाक’ हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे. सर्वांना प्रथम सुचणारा नियम वेगळा असतो: दर महिन्याला प्रत्येकाने एक बाक पुढे यायचे आणि पहिल्या बाकावरच्यांनी शेवटच्या बाकावर जायचे. तो सांगायला सोपा आहे आणि वरवर अगदी न्याय्य दिसतो. पण जुलैमध्ये आठव्या बाकावर बसलेल्या जोडीचे काय होते ते पाहावे. ऑगस्टमध्ये ती सातव्या बाकावर, सप्टेंबरमध्ये सहाव्या, ऑक्टोबरमध्ये पाचव्या, नोव्हेंबरमध्ये चौथ्या बाकावर येते. तिसरा बाक तिला डिसेंबरमध्ये मिळतो, म्हणजे पहिले सत्र संपूर्ण मागच्या बाकांवर गेलेले असते. याउलट जुलैत तिसऱ्या बाकावर असलेली जोडी सप्टेंबरअखेर पुढे असते आणि ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सलग पाच महिने मागे राहते. नववीच्या बीजगणितातले नवे प्रकरण नेमके त्या पाच महिन्यांत शिकवले गेले, तर सप्टेंबरपर्यंत पुढे बसल्याचा उपयोग तिथे होत नाही. वर्षाअखेरीस हिशेब केला तर प्रत्येकाला तीन महिने पुढची जागा मिळालेली असते. ती सलग मिळते आणि सलग जाते, हा या नियमाचा दोष.

तीन बाक पुढे सरकण्याने हे बदलते. पुढचे तीन बाक म्हणजे ‘फळ्याजवळची जागा’ असे धरले, तर त्या पट्ट्याची लांबी तीन बाकांची आहे. तीन-तीन बाकांनी पुढे येणारी जोडी हा पट्टा ओलांडून पलीकडे जाऊच शकत नाही. तिला त्यातल्या एका तरी बाकावर यावेच लागते आणि ती एकाच बाकावर येते, कारण पुढच्या महिन्यात तिला मागे जायचे असते. परिणामी कोणतीही जोडी सलग दोन महिन्यांहून अधिक काळ मागे राहत नाही. पुढे येण्याची पाळी कधी दोन, कधी तीन महिन्यांनी येते. एकूण महिने तेवढेच, प्रत्येकी तीन. पण ते वर्षभरात विखुरलेले असतात.

खिडकीच्या रांगेत आठव्या बाकावरची चिठ्ठी निघालेल्या जोडीचे वर्ष या नियमाने असे जाते. जुलै आठव्या बाकावर, ऑगस्ट पाचव्या, सप्टेंबर दुसऱ्या बाकावर, तिन्ही महिने खिडकीच्या रांगेत. ऑक्टोबरमध्ये ती पाच बाक मागे, सातव्या बाकावर जाते, पण आता मधल्या रांगेत. नोव्हेंबरमध्ये चौथा बाक, डिसेंबरमध्ये पहिला. जानेवारीत दाराच्या रांगेत सहावा बाक आणि फेब्रुवारीत तिसरा. म्हणजे चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यात वाईट समजली जाणारी जागा मिळूनही ही जोडी सप्टेंबर, डिसेंबर आणि फेब्रुवारीत फळ्याजवळ बसली, तीही तीन वेगवेगळ्या रांगांत. १ मार्चला हाच नियम पुढे चालवला तर ती खिडकीच्या रांगेत आठव्या बाकावर, म्हणजे जुलैच्या जागेवर परतते. जुलै ते फेब्रुवारी या आठ महिन्यांत फेरा पुरा होतो आणि मार्च उजळणीसाठी मोकळा राहतो. जूनचा अर्धा महिना मुलांची आणि वर्गाची ओळख होण्यात जातो, त्या काळात जागा कशाही असल्या तरी चालतात.

रांग कधी बदलायची हा प्रश्न बाकाच्या आकड्याइतकाच नाजूक आहे. पुष्कळदा बाकाबरोबर रांगही दर महिन्याला बदलण्याचा मोह होतो. तसे केले तर एक विचित्र गोष्ट घडते. जुलैत तिसऱ्या बाकावर असलेली जोडी जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत पुढे येते, म्हणजे बरोबर तीन-तीन महिन्यांनी. रांगाही तीनच असल्याने तीन महिन्यांनी तीच रांग पुन्हा येते. परिणामी ही जोडी वर्षातून तीनदा पुढे बसते, पण तिन्ही वेळा एकाच रांगेत. सहाव्या बाकावरून सुरुवात करणाऱ्यांचेही तेच होते. हा दोष कागदावर दिसत नाही. जानेवारीत एखादी मुलगी ‘सर, मी पुढे आले की नेहमी दारापाशीच कशी?’ असे विचारते तेव्हा तो लक्षात येतो. पुढून मागे जातानाच रांग बदलायची, या नियमाने तो मुळातूनच टळतो. पुढच्या दोन पाळ्यांच्या मध्ये रांग एकदाच बदलत असल्याने प्रत्येक पाळी नव्या रांगेत येते.

रांगेकडे एवढे लक्ष देण्याला कारण आहे. पहिला बाक मिळाला म्हणजे फळा चांगला दिसतोच असे नाही. दाराच्या रांगेतल्या पहिल्या बाकावरून फळ्याचे खिडकीकडचे टोक फार तिरके दिसते आणि अक्षरे दबल्यासारखी वाटतात. शिवाय खिडकीतून आत आलेला उजेड गुळगुळीत फळ्यावरून परावर्तित होऊन दाराच्या बाजूला बसलेल्यांच्या डोळ्यांत येतो. खडूच्या काळ्या फळ्यावर हा त्रास कमी असतो, पांढऱ्या किंवा काचेच्या फळ्यावर जास्त. तो ओळखण्याची रीत सोपी आहे: शिक्षकाने मुलांच्या जागेवर स्वतः बसून फळ्याकडे पाहायचे, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. चकाकी दिसली तर फळ्याजवळच्या खिडकीला पडदा लावला की पुष्कळ फरक पडतो.

मधल्या रांगेचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. रेमंड ॲडम्स आणि ब्रूस बिडल या अभ्यासकांनी वर्गातल्या अध्यापनाचे व्हिडिओ चित्रीकरण करून त्याचा अभ्यास केला आणि तो १९७० मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. शिक्षक आणि मुले यांच्यातली प्रश्नोत्तरे सगळ्या वर्गात सारखी पसरलेली नसून बहुतांशी पुढच्या आणि मधल्या पट्ट्यात घडतात, असे त्यात दिसले. पुढे या निष्कर्षावर रास्त शंकाही घेतली गेली. जिथे मुले जागा स्वतः निवडतात तिथे उत्तर देण्याची हौस असलेली मुलेच पुढे येऊन बसतात, त्यामुळे जागेचा परिणाम किती आणि स्वभावाचा किती हे सांगणे अवघड होते. चिठ्ठीने ठरलेल्या आणि दर महिन्याला बदलणाऱ्या जागांत ही निवडच उरत नाही. तरी शिक्षकाची नजर सवयीने मधल्या पट्ट्यातच फिरते, हे लक्षात ठेवून मागच्या कोपऱ्यांतल्या मुलांना नावाने प्रश्न विचारावे लागतात. कोणत्याही बैठकव्यवस्थेने हे काम वाचत नाही.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी गोंधळ होतो तो सगळे एकदम उठल्यामुळे. ४८ मुले दप्तरे घेऊन एकाच वेळी अरुंद वाटांत उतरली की दहा मिनिटे सहज जातात. त्यावर उपाय असा: आधी पुढच्या तीन बाकांवरच्या मुलांनी दप्तर घेऊन फळ्यासमोर उभे राहायचे. मग चौथा बाक पहिल्यावर, पाचवा दुसऱ्यावर, असे क्रमाने आठव्यापर्यंत सर्वांनी पुढे सरकायचे. शेवटी मागचे तीन बाक रिकामे होतात आणि फळ्यासमोरची मुले शेजारच्या रांगेतून तिथे जातात. दुसऱ्या महिन्यापासून मुलांना याची सवय होते. त्या दिवशी गैरहजर असलेल्याची जागा त्याच्या जोडीदाराने धरून ठेवायची.

खरी अडचण महिन्याच्या मध्यावर येते. दोन-तीन मैत्रिणी हळूच एकत्र बसू लागतात, एखादा उंच मुलगा मागे बरे म्हणून आपली पुढची जागा सोडून देतो. वर्गशिक्षकाचा तास दिवसात एक किंवा दोनच असतो आणि इतर विषयांच्या शिक्षकांना जागा ठाऊक नसतात. त्यामुळे त्या महिन्याचा बैठकीचा आराखडा नावांसह टेबलाच्या काचेखाली ठेवावा. इंग्रजीच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकांना त्याचा आणखी एक फायदा होतो: मुलांची नावे लवकर पाठ होतात. नावासमोर बाक आणि रांग लिहिलेली असली की वर्गप्रमुखाला कुणाशी वाद घालावा लागत नाही.

याहून मोठा धोका शिक्षकाच्या बाजूने असतो. बडबड करणाऱ्याला ‘ऊठ, शेवटच्या बाकावर जा’ म्हणणे ही जुनी सवय आहे. फिरत्या व्यवस्थेत असे एकदा जरी झाले तरी मागचा बाक म्हणजे शिक्षा हा अर्थ परत येतो, आणि पुढच्या महिन्यात नियमाने मागे जाणाऱ्या नऊ-नऊ जोड्या दुखावतात, कारण प्रत्येक रांगेतून तीन जोड्या मागे जातच असतात. बोलणाऱ्या दोघांना वेगळे करणे भागच असेल तर जोड्या बदलाव्यात, पण बाकाच्या फेऱ्याला हात लावू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतर सगळ्याच जोड्या नव्याने पाडल्या तर हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. दिवाळीमुळे ऑक्टोबर किंवा नोव्हेंबर अपुरा पडतो आणि त्या महिन्यात पुढे असणाऱ्यांचे काही दिवस बुडतात, हे खरे आहे. पण त्यांच्या आणखी दोन पाळ्या असतातच, म्हणून त्यासाठी नियम वाकवण्याची गरज नसते.

उंचीचा आक्षेप मात्र खरा आहे. वर्गाची जमीन सपाट असते आणि नववीत एखादा मुलगा शेजाऱ्यापेक्षा वीतभर उंच असतो. तो पहिल्या बाकावर आला की मागच्यांना फळ्याचा खालचा भाग दिसत नाही. म्हणून त्याला कायमचे मागे बसवणे हा उपाय नाही, त्यालाही फळा वाचायचाच असतो. पुढच्या पाळीत त्याने बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसावे आणि मधल्या रांगेत असेल तर वाटेच्या बाजूला. मागचे बाक किंचित सरकवून ठेवले तर डोक्यामागे डोके येत नाही. आणि शिक्षकाने फळ्याचा खालचा वीतभर पट्टा कोराच सोडावा. तिथे लिहिलेले सपाट जमिनीवरच्या शेवटच्या बाकावरून तसेही कुणाला धड दिसत नाही.

काही मुलांनी या फेऱ्यात फिरायचेच नसते. चष्मा लावूनही कमी दिसणारे, कमी ऐकू येणारे किंवा हालचालीला अडचण असणारे मूल पुढे बसते ते कुणाच्या मेहेरबानीने नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे अशी सोय करून देणे शाळेचे कर्तव्य आहे. कमी ऐकू येणाऱ्या मुलाला मधल्या रांगेतला दुसरा बाक बहुधा सोयीचा पडतो, कारण तिथून शिक्षकाचे ओठही दिसतात आणि मान थोडी वळवली की उत्तर देणारा वर्गमित्रही दिसतो. अशा मुलाची जागा पक्की केली तर फेरा मोडत नाही. त्याचा मूळ जोडीदार नियमाप्रमाणे फिरत राहतो आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी असते. ज्या महिन्यात दुसरी एखादी जोडी त्या पक्क्या बाकापाशी येते, त्या महिन्यात तिच्यातला एक तिथे बसतो आणि दुसरा त्या रिकाम्या जागेवर जातो. पक्क्या जागेवरच्या मुलाला यामुळे दर महिन्याला नवा शेजारी मिळतो.

बाकांची संख्या वेगळी असेल तर आकडे बदलतात, तत्त्व तेच राहते: जितके बाक ‘पुढचे’ मानायचे तितकेच बाक दर महिन्याला सरकायचे. सहा बाकांच्या रांगेत दोन बाक पुढचे धरून दोन-दोन सरकले की प्रत्येक जोडी दर तिसऱ्या महिन्याला फळ्याजवळ येते. त्यात सहा, चार, दोन आणि पाच, तीन, एक असे दोन वेगळे फेरे पडतात, म्हणजे सम बाकावरून सुरुवात केलेल्यांना पहिला बाक कधीच मिळत नाही. फळा दुसऱ्या बाकावरूनही चांगला दिसत असल्याने हे चालण्यासारखे आहे. मुलांना ते डाचत असेल तर दिवाळीनंतर सम आणि विषम बाकांची एकदा अदलाबदल करावी.

मागचा बाकच नको, अशीही एक दिशा आहे. २०२४ मध्ये आलेल्या ‘स्थानार्थी श्रीकुट्टन’ या मल्याळम चित्रपटानंतर केरळमधल्या काही शाळांनी बाक भिंतींच्या कडेने अर्धवर्तुळात मांडले आणि त्याची देशभर चर्चा झाली. वीस-पंचवीस मुलांच्या वर्गात ते चांगले जमते. ४८ मुलांना त्याच खोलीत कडेने बसवायचे तर दुसरी आणि तिसरी ओळ करावीच लागते, शिवाय बाजूच्या मुलांना तासभर मान वळवून फळा पाहावा लागतो. मोठ्या पटाच्या वर्गांना तूर्त फिरत्या जागाच अधिक सोयीच्या आहेत.

फिरत्या जागांतून एक गोष्ट न मागता हाती येते, ती म्हणजे मुलांच्या डोळ्यांची खबर. वर्षभर पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुलाची नजर अधू झाली तरी कुणाच्या ध्यानात येत नाही. तेच मूल एका महिन्यात दुसऱ्या बाकावर आणि पुढच्या महिन्यात सातव्या बाकावर बसले की त्याची वही बोलू लागते. देवनागरीत सगळ्यात आधी निसटतात ते बारीक तपशील: अनुस्वाराचा ठिपका, ‘ब’च्या पोटातली रेघ, ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक. गणितात दशांशचिन्ह गळते, ३ आणि ८ यांची गल्लत होते. पुढच्या महिन्यात वही स्वच्छ आणि मागच्या महिन्यात अशा चुका, असे दिसले तर तो निष्काळजीपणा समजू नये. डोळे बारीक करून पाहणे, फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे, मागे गेल्यावर डोके दुखते म्हणणे ही त्याचीच लक्षणे आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली २०१३ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी होते व तीत दृष्टिदोषही पाहिले जातात. पण ते पथक रोज वर्गात नसते, वर्गशिक्षक असतात. त्यांनी दर महिन्याच्या शेवटी मागच्या तीन बाकांवरच्या वह्या आधीच्या महिन्याच्या पानांशी ताडून पाहाव्यात आणि फरक दिसलेल्या मुलाच्या पालकांना त्याच आठवड्यात बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगावे.